हजार किलोमीटरला लिटरभर तेल, आणि वर ‘सामान्य’ म्हणे!

काही मोटार कंपन्यांच्या मालकपुस्तिकेत इंजिन ऑइलच्या प्रकरणात एक ओळ असते. हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठे कुठे तर चक्क एक लिटर तेल कमी होणे सामान्य आहे, असे तीत छापलेले असते. लाखो रुपये मोजून गाडी घेणारा माणूस ही ओळ कधी वाचत नाही. दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर डिपस्टिक कोरडी निघते, तो सर्व्हिस सेंटरला धावतो, आणि तेव्हा हीच ओळ त्याच्या तोंडावर फेकली जाते. आम्ही विचारतो, हे सामान्य कोणासाठी? वॉरंटीचा दावा टाळणाऱ्यांसाठी असेलही. त्या गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी हा सरळ फाशीचा हुकूम आहे, आणि त्याच्यावर सही कंपनीची आहे.

कमी झालेले तेल कुठे जाते, हे कोणी सांगत नाही. ते हवेत विरत नाही. पिस्टनच्या रिंगांना चुकवून, व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून आणि क्रँककेसच्या वाफा इंजिनात परत नेणाऱ्या नळीतून ते ज्वलनकक्षात शिरते आणि पेट्रोलबरोबर जळते. तेलातला हायड्रोकार्बनचा भाग जळून जातो. त्यातला फॉस्फरस मात्र नष्ट होत नाही. तो येतो झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट या रसायनातून. गॅरेजात त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात, कागदोपत्री झेडडीडीपी. हे रसायन स्वतः गुन्हेगार नाही, हेही लख्ख सांगितले पाहिजे. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे ते केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असा काचेसारखा फॉस्फेटचा थर धरते. त्या थरामुळे धातूवर धातू घासत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इंजिने याच रसायनाच्या जिवावर टिकली. इंजिनाच्या आत ते रक्षक आहे, सायलेन्सरच्या वाटेला लागले की मारेकरी.

मारतो कसा ते पाहा. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर ॲल्युमिना आणि सेरियमच्या ऑक्साइडचा लेप, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण. धुरातून आलेला फॉस्फरस या लेपावर दोन तऱ्हांनी हल्ला करतो. झिंकबरोबर मिळून तो वर चकचकीत कवच चढवतो, त्यामुळे वायू आतल्या छिद्रांपर्यंत पोचतच नाहीत. दुसरा घाव त्याहून खोल आहे. तो ॲल्युमिनाचे ॲल्युमिनियम फॉस्फेट करतो आणि सेरियमचे सेरियम फॉस्फेट. धुरात प्राणवायू जास्त असेल तेव्हा तो साठवायचा आणि कमी पडेल तेव्हा सोडायचा, हे सेरियमचे काम. फॉस्फेटमध्ये जखडलेला सेरियम हे काम कायमचे विसरतो. पेट्रोलमधल्या गंधकानेही कन्व्हर्टर गुदमरतो, पण गाडी जोरात तापली की गंधकाचा बराच भाग निघून जातो. फॉस्फरसचे तसे नाही. रोजच्या वापरातल्या कुठल्याही तापमानाला तो जागा सोडत नाही. द्रुतगती मार्गावर एकदा रपेट मारली की कन्व्हर्टर साफ होतो, ही गॅरेजमधली समजूत निदान याच्या बाबतीत निव्वळ थाप आहे.

तेल बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिका आणि जपानच्या मोटार कंपन्यांनी मिळून आखलेल्या पेट्रोल इंजिन तेलाच्या मानकांत फॉस्फरसची कमाल मर्यादा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 0.12 टक्के होती. 1996 मध्ये ती 0.10 झाली आणि 2004 च्या जीएफ-4 मानकात 0.08. खाली 0.06 ची किमान अटही घातली, कारण त्याहून कमी केले तर कॅम खाल्ला जातो. पुढे 2010 मध्ये आणखी शहाणपण आले. डब्यात किती फॉस्फरस आहे एवढेच पाहून भागत नाही. तेल तापल्यावर त्यातला किती वाफ होऊन निसटतो, तेही पाहिले पाहिजे. म्हणून इंजिन चाचणीच्या शेवटी निदान 79 टक्के फॉस्फरस तेलातच उरला पाहिजे, असा नियम आला आणि 2020 मध्ये तो आकडा 81 झाला. एकेका शतांश टक्क्यासाठी रसायनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे डोके फोडले आहे. आणि इकडे मालकपुस्तिकेतली एक ओळ हे सगळे कष्ट गटारात ओतते!

हिशेबच मांडू. एक लिटर तेलाचे वजन साधारण 850 ग्रॅम. त्यात 0.08 टक्के फॉस्फरस म्हणजे 0.68 ग्रॅम. इंजिन धडधाकट असेल आणि हजार किलोमीटरला 100 मिलिलिटर तेल जळत असेल, तर लाख किलोमीटरला दहा लिटर जळाले. त्यातून सुटला 6.8 ग्रॅम फॉस्फरस. आता त्याच गाडीत जुने, 0.12 टक्क्यांचे तेल घाला. आकडा होतो 10.2 ग्रॅम. मानकांच्या एवढ्या खटाटोपाने वाचवले ते हे 3.4 ग्रॅम. आणि पुस्तिकेच्या कृपेने हजाराला एक लिटर जाळणारी गाडी? उत्तमातले उत्तम 0.08 चे तेल घालूनही ती लाख किलोमीटरला 68 ग्रॅम सोडते. त्यातला काही भाग इंजिनात चिकटेल, काही कन्व्हर्टर पार करून निघून जाईल, हे मान्य. पण दहापट ते दहापटच. डब्यावर ‘कन्व्हर्टरला सुरक्षित’ असे छापायचे आणि इंजिन मात्र तेलपिते बनवायचे, याला आम्ही फसवणूक म्हणतो.

मोटरसायकलवाल्याची फसवणूक निराळी. त्याच्या इंजिनात एकच तेल कॅमला, गिअरला आणि ओल्या क्लचला पुरते. गिअरच्या दात्यांवर दाब फार, म्हणून दुचाकीसाठीच्या जपानी जासो मानकात फॉस्फरस 0.08 ते 0.12 टक्के ठेवला आहे. कारची जिथे कमाल मर्यादा, तिथे दुचाकीची किमान! हे गिअरसाठी रास्तच आहे, पण त्यामुळे जळालेला प्रत्येक थेंब अधिक विषारी ठरतो आणि तो झेलणारा कन्व्हर्टर कारच्या मानाने अगदी लहान असतो. त्यात आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले 20डब्ल्यू-40. अमेरिकी एपीआय वर्गीकरणातली 0.08 ची कमाल मर्यादा 10डब्ल्यू-30 आणि त्याहून पातळ ग्रेडपुरती आहे. 15डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50 यांना ती लागूच नाही. डब्यावर ‘एसएन’ ही मोठी अक्षरे बघून गिऱ्हाईक खूश होते. ग्रेड बदलली की त्या अक्षरांमागची अट गळून पडते, हे त्याला दुकानदार सांगत नाही, कंपनी सांगत नाही आणि डबाही सांगत नाही. डब्यावर फॉस्फरसचा आकडा छापायला किती शाई लागते?

याच्यावर कडी करतात ते ‘जादा झिंक’च्या बाटल्या विकणारे. जुन्या, सपाट टॅपेटच्या, कन्व्हर्टर नसलेल्या इंजिनाला त्या बाटलीचा उपयोग होत असेल. पण रोलरवर चालणाऱ्या आजच्या कॅमला तिची गरज नाही आणि बीएस-6 गाडीत ती ओतणे म्हणजे पैसे देऊन कन्व्हर्टर मारणे होय. ‘दणकट असतं’ म्हणून ट्रकचे डिझेल ऑइल बाइकमध्ये घालणाऱ्या मेकॅनिकचीही हीच गत.

आणि सरकार? सरकार पीयूसी करते. कोपऱ्यावरच्या टपरीत तापलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसली जाते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, चारचाकीला फार तर हवा-इंधनाचे प्रमाण पाहिले जाते. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. फॉस्फरसने विकलांग केलेला कन्व्हर्टर या परीक्षेत आरामात पास होतो. कारण असे: चांगला कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास जागा होतो, विषबाधा झालेल्याला जागे व्हायला अधिक तापमान लागते. म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे, सोसायटीच्या आवारात, शाळेच्या दारात, सगळा धूर प्रक्रियेविना बाहेर पडतो. पीयूसीच्या टपरीवर पोचेपर्यंत तोच कन्व्हर्टर तापून शहाण्यासारखा वागू लागतो. ज्या मिनिटांत गाडी सर्वांत घाण असते तीच मिनिटे वगळून काढलेल्या प्रमाणपत्राला आम्ही प्रमाणपत्र म्हणावे काय?

गाडीला स्वतःला मात्र रोग कळतो. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा सतत वरखाली नाचतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा जवळजवळ स्थिर राहतो, कारण मधला सेरियम सगळे चढउतार पचवतो. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की इंजिनाचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर P0420 उमटते. दुचाकीतही कन्व्हर्टरवर अशी नजर ठेवण्याची सक्ती एप्रिल 2025 पासून आली आहे. P0420 म्हणजे फॉस्फरसच असे नव्हे. मिसफायरने जाळी वितळली, सायलेन्सर फुटून हवा शिरली किंवा सेन्सरच बिघडला, तरी तोच कोड येतो. पण काढलेला कन्व्हर्टर उभा कापून तपासला तर खोटे बोलत नाही. तेलाचे विष आत येणाऱ्या तोंडाशी सर्वांत दाट आणि मागे जाता जाता विरळ होत गेलेले असते. वितळलेली जाळी डोळ्यांनाच दिसते. ही तपासणी करतो कोण? हजारो रुपयांचा नवा कन्व्हर्टर बसवतात, रिंगा आणि सील तसेच ठेवतात, आणि नवाही त्याच वाटेने जातो.

म्हणून आमची मागणी तीन शब्दांची नाही, तीन कामांची आहे. तेल किती जळावे याची मर्यादा कायद्यात लिहा आणि ती ओलांडणारे इंजिन वॉरंटीत दुरुस्त करायला लावा. प्रत्येक डब्यावर, ग्रेड कोणतीही असो, फॉस्फरसची टक्केवारी छापा. आणि पीयूसीच्या टपरीत नळीबरोबर स्कॅनरही लावा. कोड पुसून आलेली गाडी ओळखणे अवघड नाही. ‘तपासणी अपूर्ण’ असे स्कॅनर स्वतःच सांगतो. तोवर गाडीमालकांनी दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघावी, घातलेल्या तेलाची नोंद बिलासकट ठेवावी, आणि कोणी ‘सामान्य आहे’ म्हटले तर तेच वाक्य त्याच्याकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे.