पाकिटावरचे ४० ग्रॅम आणि ताटातली वाटी : रेडी मिक्सचे लेबल कसे वाचावे?

धामापूर-मालवण भागातल्या स्वयंपाकघरात आता घावणे, आंबोळी, नाचणीचा उपमा यांची तयार पिठे आणि रेडी मिक्स सहज दिसतात. घरी मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर तुम्ही पाकिटामागचा तक्ता वाचतही असाल. मात्र त्या तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा कोरड्या पिठाचे असतात आणि तुम्ही खाता तो पदार्थ पाण्यात शिजलेला असतो.

जुलै २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एकूण साखर, संपृक्त चरबी आणि सोडियम यांचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली आणि मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला करायचे ठरवले. प्रस्ताव चांगलाच आहे. पण ठळक व्हायची ती टक्केवारी 'एका सर्व्हिंग'मागची, आणि सर्व्हिंग केवढे धरायचे हे पाकिटावर उत्पादकच लिहितो. शिवाय तांदूळ-नाचणीतला मुख्य भाग स्टार्चचा असतो. तो 'साखर' या ओळीत येत नाही, 'कर्बोदके' या ओळीत येतो. त्यामुळे मधुमेह असेल तर साखरेचा लहान आकडा पाहून निश्चिंत होऊ नका, त्याच्या वरची कर्बोदकांची ओळ वाचा.

आता एक नमुना घेऊ. समजा नाचणी उपमा मिक्सचे पाकीट २०० ग्रॅमचे आहे. मागे लिहिले आहे : दर १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ७० ग्रॅम, सोडियम १००० मिलिग्रॅम, सर्व्हिंग ४० ग्रॅम, पाकिटात ५ सर्व्हिंग. पूर्ण पाकिटात ६०० मिली पाणी घातले, थोडी वाफ गेली आणि उपमा भरला साधारण ६८० ग्रॅम. वजन तिपटीहून जास्त झाले, पण वाढले ते फक्त पाणी. कर्बोदके आधी १४० ग्रॅम होती, आताही १४० ग्रॅमच आहेत.

कंपनीच्या हिशेबाने या उपम्याचे पाच वाटे, म्हणजे प्रत्येकी १३६ ग्रॅम. ही एक लहान वाटी झाली. प्रत्यक्षात सकाळी दोघे जण मिळून पातेले संपवतात. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात १०० ग्रॅम कोरडे मिक्स गेले. तक्त्यात एका सर्व्हिंगला २८ ग्रॅम कर्बोदके दिसत होती, तुम्ही खाल्ली ७० ग्रॅम, जवळपास २५० ग्रॅम शिजलेल्या भाताइतकी. सोडियमचेही तसेच. लेबलवरची टक्केवारी दिवसाला २००० मिलिग्रॅम धरून काढतात. सर्व्हिंगमागे २० टक्के लिहिलेले असताना तुमच्याकडे गेले ५० टक्के, आणि वरून चव बघून टाकलेले मीठ वेगळे. फोडणीचे तेलही कोरड्या पिठाच्या तक्त्यात नसते.

घरी हे मोजायला एक स्वयंपाकाचा वजनकाटा पुरतो. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवा, उपमा झाल्यावर पातेल्यासकट पुन्हा करा. फरक म्हणजे तयार उपमा. मग आपल्या वाटीतल्या उपम्याचे वजन कोरड्या मिक्सच्या वजनाने गुणा आणि तयार उपम्याच्या वजनाने भागा. वरच्या उदाहरणात वाटीत २०४ ग्रॅम असेल तर कोरडे ६० ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅम कर्बोदके. पाणी नेहमी तेवढेच घालत असाल तर हे एकदाच करावे लागते.

घावण्यांना काटाही नको. तांदळाच्या २०० ग्रॅम पिठाचे आठ घावणे झाले तर एकात २५ ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे २० ग्रॅम कर्बोदके. जाड घालणाऱ्या हातून सहाच होतील, मग एका घावण्यात २६ ग्रॅम. त्यामुळे 'दोनच घावणे खाल्ले' एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. पीठ किती आणि नग किती, हे सांगा.

काही पाकिटांवर आकडे 'तयार पदार्था'चे असतात, कधी दूध धरून. असा तक्ता कोरड्या तक्त्याशेजारी ठेवलात तर तयार पदार्थाचे पाकीट उगाच हलके वाटते. दोन पाकिटांची तुलना करायची तर दोन्हींचे कोरडे आकडेच घ्या.

पाण्याची ही फसगत उलट्या बाजूनेही होते. आजारपणात वजन उतरलेल्या आजींना पेलाभर नाचणीची आंबील दिली की घरच्यांना वाटते, पोट भरले. पेल्यात १५ ग्रॅम पीठ असेल तर त्यातून मिळते सुमारे ४८ कॅलरी आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिन. पेला मोठा केला आणि पीठ तेवढेच ठेवले तर यात काहीच वाढत नाही. दूध किंवा ताक चालत असेल तर पाण्याऐवजी ते वापरता येईल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहिल्यावर डोस स्वतःहून बदलू नये. आठवडाभराच्या वाट्या आणि त्यासोबतच्या साखरेच्या नोंदी घेऊन या, त्यावरून डोस ठरवता येतो.