‘मोठे’ की ‘मोठं’? मुलांच्या पुस्तकातली मराठी कोणती असावी

२०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातील एका कवितेवरून बराच गदारोळ झाला. तीत ‘शोर’ हा हिंदी आणि ‘वन्समोअर’ हा इंग्रजी शब्द आला होता. पुस्तक २०१८ पासून वर्गात होते, पण समाजमाध्यमांवर ओरड झाली ती तेव्हा. मराठीच्या पाठ्यपुस्तकात परके शब्द कशाला, हा एक पक्ष. मुले बोलतात तसे लिहिले तर बिघडले काय, हा दुसरा. पुढे चर्चा थांबली आणि प्रश्न तिथेच राहिला.

आम्हा भोपाळकरांना त्या वादाची गंमत वाटली. पुण्याच्या मुलाला ‘शोर’ अडतो. आपल्या इंद्रपुरीतल्या मुलाला ‘शोर’ घरचा आहे, अडतो तो ‘गलका’. एकच पुस्तक दोन गावांत दोन वेगळ्या ठिकाणी अवघड होते. म्हणून आपल्या रविवारच्या मराठी वर्गासाठी छोटे वाचनपुस्तक तयार करायला बसलो, तेव्हा महाराष्ट्रातले पुस्तक जसेच्या तसे घ्यायचे नाही, एवढे पहिल्याच बैठकीत ठरले. मतभेद झाला तो शब्दांवर नव्हे, एका अनुस्वारावर. ‘केले’ छापायचे की ‘केलं’?

आमच्यातल्या ज्येष्ठांचे म्हणणे होते की छापील मराठी ती छापील मराठी, तिथे ‘केले’, ‘झाले’, ‘माझे’ हेच हवे. आम्हीही याच मताचे होतो. बँकेत सारी हयात गेली. काउंटरवर खातेदाराशी एक भाषा आणि फॉर्मवर दुसरी, हे आम्हाला खटकत नसे. आमचे मत बदलले ते एका टरबुजामुळे.

नमुन्यादाखल पहिला धडा लिहिला होता. त्यातला मजकूर असा: ‘आजोबांनी बाजारातून टरबूज आणले. ते खूप मोठे होते. आईने ते कापले.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. वर्गातल्या आठ वर्षांच्या एका मुलाने तो मोठ्याने वाचला, थांबला आणि हिंदीत विचारले, आजोबा इतके मोठे होते का? पुढचे वाक्य वाचून मात्र तो घाबरला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे आईने आजोबांनाच कापले होते. सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी येऊन तो धडा पुन्हा वाचला, तेव्हा चूक मुलाची नाही हे लक्षात आले.

मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे आपली मुले ‘माझा काम’, ‘टरबूज मोठा होता’ असे सहज बोलून जातात, कारण हिंदीत काम आणि तरबूज दोन्ही पुल्लिंगी. शिवाय हिंदीत शेवटी ‘ए’ आला की एकतर अनेकवचन असते किंवा आदर. ‘लाए’, ‘बड़े थे’. हेच कान घेऊन मूल जेव्हा ‘आणले’, ‘मोठे होते’ वाचते, तेव्हा त्याला एक तर अनेक टरबुजे दिसतात, नाहीतर एक आदरणीय आजोबा. मराठीतही ‘ते मोठे होते’ हे आजोबांबद्दल अगदी बरोबर वाक्य आहेच.

आता तोच मजकूर बोलीत पाहा: ‘आजोबांनी बाजारातून टरबूज आणलं. ते खूप मोठं होतं. आईनं ते कापलं.’ संशयाला जागाच राहत नाही. ‘मोठं होतं’ हे आजोबांबद्दल कोणीही म्हणणार नाही. ‘लाडू केले’ पण ‘काम केलं’. ‘पाहुणे आले’ पण ‘पत्र आलं’. शेवटचा तो ‘अं’ म्हणजे बोलण्यातली नपुंसकलिंगाची खूण आहे. लिहिताना ती पुसली जाते आणि दोन वेगळी रूपे एकसारखी दिसू लागतात.

ती नेहमीच पुसली जात नव्हती. आपल्या आजोबांच्या काळची पुस्तके काढून पाहिली तर ‘काम केलें’, ‘पत्र आलें’ असे छापलेले दिसेल, ‘लाडू केले’ मात्र बिनटिंबाचे. म्हणजे जुन्या लेखनातही फरक राखलेला होता. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा शुद्धलेखन नियम आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार द्यायचे नाहीत, असे त्यांत ठरले. लाखो लिहिणाऱ्यांची टिंबांच्या जाचातून सुटका झाली, हे खरेच. पण ‘केलें’चे ‘केले’ झाले आणि नपुंसकलिंगी एकवचन व पुल्लिंगी अनेकवचन कागदावर एक झाले. महाराष्ट्रातल्या मुलाचे यात काही अडत नाही, कारण त्याच्या कानात ‘केलं’ दिवसभर असते. कागदावर ‘केले’ असले तरी तो मनात बरोबर लावून घेतो. आपल्या मुलाच्या कानात दिवसभर हिंदी असते. त्याच्याजवळ लावून घ्यायला काही नाही.

हे नियम बोलीच्या विरुद्ध आहेत असेही नाही. पात्राच्या तोंडची वाक्ये लिहिताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी रूपे अनुस्वार देऊन लिहावीत आणि इतरत्र ‘असे केले’, ‘मी म्हटले’ असे लिहावे, अशी सोय त्याच नियमांत आहे. तेव्हा आमचा तोडगा नियम मोडणारा नाही. पहिले पुस्तक सगळेच एका आजीच्या तोंडी घातले. आजी गोष्ट सांगते आहे, म्हणून पुस्तकभर ‘आणलं’, ‘होतं’, ‘कापलं’.

बैठकीत यावर रास्त आक्षेप आला. उद्या एखाद्या घराची बदली नागपूरला किंवा पुण्याला झाली तर? महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. तिथे मुलाने निबंधात ‘आम्ही सहलीला गेलो, खूप छान वाटलं’ असे लिहिले, तर शिक्षक लाल पेन उचलू शकतात. मग प्रमाण रूप शिकवायचे कधी?

त्याचे उत्तर आम्हाला हिशेबासारखे दोन्ही बाजूंनी तपासून पाहावे लागले. बोलीकडून प्रमाणाकडे जाणे सोपे आहे. शेवटचा ‘अं’ काढा, ‘ए’ ठेवा. केलं–केले, माझं–माझे, वाटतं–वाटते, पुस्तकं–पुस्तके, आईनं–आईने. ‘बरं का’सारखा एखादा शब्द सोडला, तर मुलांच्या धड्यात हा नियम फारसा कुठे फसत नाही. उलट प्रवास मात्र खड्ड्यांचा. शेवटी ‘ए’ दिसला की ‘अं’ करा, असे सांगितले तर मूल ‘तुझे बाबा’चे ‘तुझं बाबा’ करील, ‘ती गाते’चे ‘ती गातं’ करील, ‘पुढे’, ‘मागे’, ‘म्हणजे’ यांचेही टिंब लावून वाटोळे करील. कारण प्रमाण लेखनातला ‘ए’ अनेक ठिकाणांहून आलेला आहे, आणि त्यातला नपुंसकलिंगाचा कोणता हे ज्याला आधीच बोलता येते त्यालाच कळते. म्हणून आधी बोली आणि मग प्रमाण हा क्रम आम्ही लाडाने नव्हे, हिशेबाने धरला आहे.

प्रत्यक्षात तीन टप्पे ठरले. पहिल्या पुस्तकात सर्व बोली रूपे. दुसऱ्यात गोष्ट सांगणारा ‘केले’ म्हणतो आणि पात्रे ‘केलं’ म्हणतात. मूल दोन्ही रूपे एका पानावर पाहते आणि कोणते कुठे हे त्याला अवतरणचिन्हावरून कळते. तिसऱ्यात प्रमाण मराठी, आणि दर धड्याखाली एक काम: या परिच्छेदातले चार शब्द आजी कसे म्हणेल ते लिहा. ज्याला हे चार शब्द बिनचूक जमले, त्याचे नपुंसकलिंग पक्के झाले असे समजावे. टिंब ‘तुझे बाबा’वर पडले, तर त्याला पुन्हा पहिले पुस्तक द्यावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची, ती म्हणजे एकाच वाक्यात सरमिसळ. ‘टरबूज आणलं आणि ते कापले’ असे छापले, तर मुलाला वाटते की आणलेले एक होते आणि कापलेले दुसरेच काही. आमच्याच कच्च्या प्रतीत अशी वाक्ये निघाली. ती डोळ्यांनी सापडत नाहीत, कारण आपण सवयीने दुरुस्त करून वाचतो. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने ऐकावे, तेव्हाच ती कानाला खटकतात.

राहिला शब्दांचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाले, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीमुळे इकडे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी ठिकठिकाणची माणसे आणली. म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत ‘टरबूज’ आहे, ‘कलिंगड’ नाही. धड्यात ‘टरबूज’च ठेवले आणि खाली ‘पुण्यामुंबईकडे कलिंगड म्हणतात’ अशी ओळ दिली. ‘तू काय करून राहिला?’ हे नागपुरी वळण काही जण हिंदीची नक्कल म्हणून काढा म्हणत होते. ते आम्ही निवेदनात घेतले नाही, पण नागपूरच्या मावशीच्या तोंडी राहू दिले. मुलाच्या खऱ्या मावशीचे बोलणे पुस्तकाने चूक ठरवू नये. ‘शोर’ मात्र घेतला नाही. तो मुलाला येतोच. त्या जागी ‘गलका’ दिला, तर एक शब्द वाढेल.

हा लेख आम्ही ‘केले’, ‘झाले’ असाच लिहिला आहे, कारण वाचणारे आपण सारे मोठे आहोत आणि ‘ते मोठे होते’ वाचून आपण आजोबा व टरबूज यांत घोटाळा करणार नाही. आपल्या संकेतस्थळावर कोणी आठवणी लिहून पाठवल्या, तर त्या खुशाल बोलीत असाव्यात; सूचना व अहवाल प्रमाण भाषेत असावेत. पहिल्या पुस्तकाची कच्ची प्रत वर्गात ठेवली आहे. नातवंडांकडून एक धडा मोठ्याने वाचून घ्यावा आणि ती कुठे थांबली, काय विचारले, ते आम्हाला कळवावे. छापखान्यात पाठवण्याआधी एवढी पडताळणी व्हायला हवी.