नागाव की नवगाव?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आजोळच्या ट्रंकेतल्या एका मोडी चिठ्ठीचा फोटो आला आणि तासाभरात तिचं देवनागरीत वाचनही आलं. एकही अडखळ नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. ‘नागावची वाडी’ असं स्वच्छ लिहिलेलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला तेव्हाच शंका आली, कारण इतकी गुळगुळीत जुनी चिठ्ठी नसते.

फोटो मोठा करून पाहिला. ‘न’ दिसतो, शेवटी ‘गाव’ दिसतं आणि मधे कसरीने खाल्लेलं भोक. तिथे काना असेल तर नागाव, ‘व’ असेल तर नवगाव. अलिबागच्या दक्षिणेला नागाव आहे, उत्तरेला थळजवळ नवगाव. म्हणजे वाडी कुठली, हेच त्या भोकात गेलंय.

वाचणाऱ्याचं म्हणणं, “अरे, आपली वाडी नागावलाच आहे, संदर्भाने कळतं.” मला राग याच वाक्याचा आहे. माहीत होतं म्हणून तसं वाचलं, आणि उद्या कुणीतरी हेच वाचन दाखवून म्हणणार, बघा, कागदातच लिहिलंय! कागद काहीच बोलला नाही, आपणच दोनदा बोललो.

मोडीत हा धोका जास्त. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली सलग मजकूर. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही. अंदाज करावाच लागतो. करा, पण तो दिसू द्या.

शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी १९३१ साली लायडनला खुणा ठरवल्या. त्यांत शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत ते नुक्त्यासारखं दिसेल, म्हणून मी कीबोर्डवर सापडणाऱ्या तीनच खुणा वापरते. अक्षर गेलेलं असेल तर चौकटी कंसात अंदाजे तितकी टिंबं: न[.]गाव. शाई दिसते पण वाचन पक्कं नाही, तर शब्दापुढे [?]. संक्षेप मी सोडवला असेल तर माझी भर गोल कंसात: मु(क्काम). खुणांचा अर्थ वाचनाच्या डोक्यावर लिहायचा आणि शेवटपर्यंत बदलायचा नाही. गेलेलं आणि संशयित, दोन्हींना [?] लावलं की खूण फुकट जाते.

हो, दर ओळीला [?] आला तर वाचन निरुपयोगी होतं. म्हणून आधी त्याच हाताचा ‘व’ चिठ्ठीत इतरत्र शोधायचा, त्याची रुंदी भोकाशी ताडायची. मी ताडली. ‘व’ मावतो. पण हाच लेखक काही ठिकाणी अक्षरं ऐसपैस टाकतो, त्यामुळे कानाही बाद होत नाही.

ग्रुपवर मी न[.]गाव टाकलं, खाली टीप: ‘नागाव किंवा नवगाव’. मामा म्हणाले, “तुला मोडी नीट येत नाही वाटतं.”