उपवासांची तुलना आणि नव्वद सेकंदांची मर्यादा

२०२५ सालच्या मार्च महिन्यात २ तारखेला भारतात रमजानचा पहिला रोजा झाला. ५ तारखेला राखेच्या बुधवाराने कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू झाला आणि १० तारखेला आमलकी एकादशी आली. असे योग जुळले की मोबाइलवर एक विशिष्ट प्रकारची चित्रफीत फिरू लागते. मिनिट-दीड मिनिटात सर्व धर्मांचे उपवास शेजारी शेजारी मांडायचे आणि शेवटी एक निष्कर्ष काढायचा, असा तिचा साचा असतो. ती बनविणाऱ्यांत शाळकरी मुले असतात, स्वयंसेवी संस्था असतात आणि अलीकडे सरकारी माहिती खातीही असतात. हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही अशा चित्रफितींवरून पोलीस ठाण्यात अर्ज पडतात आणि शांतता समितीची बैठक बोलवावी लागते. प्रशासनात असताना अशा बैठका मी पुष्कळ घेतल्या. लोक संतापतात ते तुलना झाली म्हणून, असा एक समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. लोक संतापतात ते आपला आचार दुसऱ्याच्या मापाने मोजला गेला म्हणून.

माप म्हणजे काय, हे उपवासाच्याच उदाहरणाने पाहू. ‘कोणता उपवास सर्वांत कठीण’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. तासांनी मोजले तर जैनांचा उपवास पुढे जातो; तो आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतरपर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस तास चालतो. सलग दिवसांनी मोजले तर रोजा पुढे येतो. मार्चमध्ये आपल्याकडे रोज तेरा तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही वर्ज्य आणि तेही २९ किंवा ३० दिवस. वर्ज्य पदार्थांचा काळ धरला तर केरळमधील सीरियन ख्रिस्ती पुढे येतात. त्यांच्यातील अनेक जण पन्नास दिवस मांस, मासे, अंडी आणि दूधही सोडतात. वर्षभरातील वारंवारता धरली तर दर पक्षाला येणारी एकादशी पहिली. माप बदलले की विजेता बदलतो. चित्रफितीत मात्र माप कोणी निवडले हे सांगितलेले नसते, फक्त निकाल सांगितलेला असतो. आणि निवडणारा बहुधा आपल्याच घरातले माप उचलतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. एका धर्माचे शास्त्र घ्यायचे आणि दुसऱ्या धर्माचे वर्तन घ्यायचे. एकीकडे एकादशीच्या व्रताचा आशय सांगायचा आणि दुसरीकडे इफ्तारच्या बाजारातील कबाबांच्या रांगा दाखवायच्या. किंवा एकीकडे रोज्यातील संयमाची शिकवण सांगायची आणि दुसरीकडे साबुदाणा वडा तळणारी कढई दाखवायची. दोन्ही दृश्ये खरी असतात, दोन्ही विधाने खरी असतात, पण तुलना खोटी असते. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणूस स्वतःच्या घरात हसत वापरतो. तीच म्हण दुसऱ्या धर्माच्या निष्ठेशेजारी ठेवली की थट्टेची हेटाळणी होते. शास्त्राशेजारी शास्त्र आणि बाजाराशेजारी बाजार, हा साधा नियम पाळला तर निम्मे तंटे उद्भवतच नाहीत.

याच दोषाचा आजचा अवतार म्हणजे विज्ञानाचा दाखला. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशी आपलेच जुने घटक मोडून पुन्हा वापरतात, त्या प्रक्रियेवरील संशोधनासाठी ते होते आणि ओसुमींचे मूळ प्रयोग यीस्टच्या पेशींवर झाले होते. पण तेव्हापासून ‘आमचा उपवास नोबेलने सिद्ध केला’ हे वाक्य एकादशीच्याही चित्रफितीत येते आणि रोज्याच्याही. त्या संशोधनाने कोणत्याही धर्माचे व्रत तपासलेले नाही. शिवाय ‘आमच्यामागे विज्ञान’ या शब्दांत ‘तुमच्यामागे केवळ आज्ञा’ हे न उच्चारलेले वाक्य दडलेले असते आणि ऐकणाऱ्याला तेच आधी ऐकू येते.

तिसरा दोष सद्भावनेतून येतो, म्हणून तो सहज सुटून जातो. ‘सर्व धर्म उपवासच शिकवतात’ हे वाक्य शेवटी घालण्याचा मोह मोठा असतो. पण ते खरे नाही. शीख धर्म उपवासाला पुण्यकर्म मानत नाही. पारशी परंपरेत अन्नत्यागाचे व्रत नाही. बहमन महिन्यात अनेक जण मांस वर्ज्य करतात इतकेच. शीख प्रेक्षकासमोर हे वाक्य आले की त्याच्या धर्माने विचारपूर्वक नाकारलेली गोष्ट त्याच्या माथी मारली जाते. वेगळेपण पुसून टाकणे हाही अनादरच आहे, जरी तो प्रेमाने केलेला असला तरी.

मग तुलना करावी तरी कशी? इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे अल-बिरुनी आठवतो. महमूद गझनवीच्या काळातील या विद्वानाने सुमारे इसवी सन १०३० मध्ये हिंदुस्थानावरील आपला ग्रंथ पूर्ण केला. आपण वादासाठी लिहीत नसून हिंदूंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडणार आहोत आणि त्याचे समर्थन करायचे तर ते करण्यास तेच अधिक योग्य आहेत, अशी भूमिका त्याने आरंभीच घेतली. त्या ग्रंथात उपवासावर स्वतंत्र प्रकरण आहे. हिंदूंमध्ये उपवास ऐच्छिक आहे, हे तो प्रथम सांगतो आणि मग त्याचे प्रकार एकेक करून वर्णितो. तो स्वतः अशा धर्मातला होता ज्यात रमजानचा उपवास बंधनकारक आहे. तरीही ऐच्छिक म्हणून उणा, असा शेरा तो तेथे मारत नाही. हिंदूंच्या अहंभावावर त्याने अन्यत्र बोचरी टीका केली आहे. म्हणजे तो भिडस्त नव्हता. वर्णन कोठे संपते आणि टीका कोठे सुरू होते, हे त्याला ठाऊक होते.

ही पद्धत नव्वद सेकंदांत बसवून पाहू. संथ, स्पष्ट बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. म्हणजे हाताशी सुमारे १९० शब्द. प्रस्तावनेला वीस, समारोपाला तीस शब्द धरले तर चार परंपरांना प्रत्येकी पस्तीस शब्द मिळतात. प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारायचे: काय वर्ज्य, केव्हापासून केव्हापर्यंत, सूट कोणाला आणि उपवास सुटतो कसा. क्रम कशाने लावला तेही पहिल्याच वाक्यात सांगायचे. उदाहरणार्थ, त्या वर्षीच्या तारखांनुसार.

रोज्याचे निवेदन असे होईल: ‘रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. आजारी, प्रवासी, गरोदर आणि स्तनदा मातांना सूट आहे; राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. सूर्यास्ताला इफ्तार होतो.’ जैन उपवासाचे असे: ‘उपवासाचा संकल्प म्हणजे पच्चक्खाण. सुमारे छत्तीस तास अन्न वर्ज्य. काही जण दिवसा फक्त उकळलेले पाणी घेतात, काही तेही घेत नाहीत. संकल्प आपापल्या शक्तीनुसार करतात. पारण्याने उपवास सुटतो.’ एकादशी आणि ख्रिस्ती उपवासकाळाचे निवेदन याच चौकटीत बसते. समारोपाच्या तीस शब्दांत शीख आणि पारशी परंपरांची भूमिका सांगायची आणि थांबायचे. निष्कर्ष प्रेक्षकावर सोडायचा.

या चौकटीत सुटीचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. वेळ कमी पडला की संपादक सर्वांत आधी तेच वाक्य कापतो, कारण ते अपवादाचे असते. पण दुसऱ्याचा धर्म क्रूर किंवा आंधळा वाटू लागतो तो अपवाद गळाल्यामुळेच. आजाऱ्याला सूट आहे हे कळले की आज्ञेमागची माणुसकी दिसते. शब्द कमी करायचेच असतील तर एक परंपरा पुढच्या चित्रफितीसाठी ठेवावी. सूट कापू नये.

काय वगळावे हेही ठरवावे लागते. जैनांच्या संथाऱ्याचा उल्लेख उपवासाच्या यादीत आला की प्रश्नच बदलतो. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येसमान ठरविला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. हा विषय चर्चेला वर्ज्य नाही, पण पस्तीस शब्दांत त्याला न्याय देता येत नाही. लहान मुलांच्या उपवासावर टीका करायची असेल तर तीही उघडपणे, स्वतंत्र चित्रफितीत करावी. वर्णनाच्या आडून टीका करणे प्रेक्षकाला फसवणूक वाटते आणि त्यात त्याचे चुकत नाही.

चित्र आणि ध्वनी यांनाही हाच न्याय. एका परंपरेला प्रसन्न प्रकाशातले मंदिर आणि दुसरीला अंधारी गल्ली दिली तर निवेदन कितीही समतोल असो, निकाल लागलेलाच असतो. अजान किंवा मंत्र पार्श्वसंगीत म्हणून वापरू नये. ते कोणासाठी तरी प्रार्थना आहेत. चित्रफीत कापून पुढे पाठविली जाते, हेही गृहीत धरावे. म्हणून कोणताही दहा सेकंदांचा तुकडा एकटा पाहिला तरी तो खरा आणि सभ्य राहिला पाहिजे.

प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक परंपरेतील एका जाणकाराला संहिता वाचायला द्यावी. ‘तुम्हाला राग येतो का’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने त्याला रागाचा अधिकारी नेमले जाते. ‘तुम्ही स्वतःच्या आचाराचे वर्णन असेच कराल का’ एवढेच विचारावे. श्वेतांबर म्हणेल पर्युषण आठ दिवसांचे, दिगंबर म्हणेल दशलक्षण दहा दिवसांचे. ‘जैन’ हा एक शब्द कोठे पुरा पडत नाही, ते अशाने कळते.

एवढे करूनही कोणीतरी दुखावेल. तेव्हा कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवावे. १९२७ साली दंड संहितेत आलेले कलम २९५-अ आज भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. पण त्याचबरोबर हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमानच त्यात येतो, अनवधानाने झालेला नव्हे, हेही सांगितले. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने तक्रार हाती घेताना हा भेद पाहिला पाहिजे, आणि सरकारी खात्याने पहिला अर्ज येताच चित्रफीत मागे घेण्यापूर्वीही. तथ्य चुकले असेल तर दुरुस्ती जाहीर करून तीच चित्रफीत पुन्हा प्रसिद्ध करावी. तथ्य बरोबर असेल तर ती तशीच ठेवावी आणि प्रत्येक वाक्याचा आधार तक्रारदाराला लेखी कळवावा.