विश्लेषण : पावसावरची पैज रद्दबातल, मग पावसावरचा विमा वैध कसा?

मार्चमध्ये नाशिककडे अवकाळी पाऊस पडेल की नाही, यावर दोन मित्रांनी दहा हजार रुपयांची पैज लावली. त्याच पावसाच्या धास्तीने एका द्राक्ष बागायतदाराने हवामान आधारित फळपीक विमा घेतला. पाऊस पडला. ठरलेली भरपाई विमा कंपनीने नाकारली तर बागायतदार दाद मागू शकतो. पैज जिंकलेल्या मित्राचा दावा मात्र न्यायालयात टिकत नाही. पाऊस एकच असताना कायदा हा फरक का करतो?

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य, म्हणजे रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा करता येत नाही. पैजेचे पैसे तिसऱ्याकडे ठेवले असतील, तर त्याच्याकडूनही विजेत्याला ते दाव्याने मिळत नाहीत. लगेचच्या कलम ३१ मध्ये घटनेवर अवलंबून असलेला करार, म्हणजेच कंटिन्जंट कॉन्ट्रॅक्ट येतो. कायद्यातच त्याचे उदाहरण आहे : तुझे घर जळाले तर मी दहा हजार रुपये देईन. कलम ३२ नुसार घटना घडेपर्यंत असा करार अमलात आणता येत नाही. घडली की आणता येतो. करारात मुदत असेल आणि त्या मुदतीत घटना घडली नाही, तर करार संपतो.

मग फरक नेमका कुठे?

अनिश्चितता दोन्हीकडे आहे. फरक आहे तो हितसंबंधाचा. पैज लावणाऱ्या मित्रांचे पावसाशी दुसरे काही देणेघेणे नाही. एकाने हरायचे आणि दुसऱ्याने जिंकायचे, एवढाच तो व्यवहार. पैज लागली नसती, तर पावसाने दोघांपैकी कोणाचाच खिसा हलला नसता. थोडक्यात, ही जोखीम त्यांनी स्वतःच निर्माण केली.

बागायतदाराची जोखीम आधीपासून आहे. घड तयार होत असताना पाऊस आला तर मणी तडकतात, माल सडतो. तो हप्ता भरून ती जोखीम कंपनीवर सोपवतो. पाऊस आला नाही तर हप्ता परत मिळत नाही, कारण हंगामभर कंपनीने जोखीम सांभाळलेली असते.

नुकसान न मोजताही भरपाई कशी?

या विम्यात प्रत्येक बागेचे नुकसान मोजले जात नाही. संदर्भ हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात ठरल्यापेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की रक्कम देय होते. वरवर हे पैजेसारखेच दिसते. पण विमाधारकाची बाग खरी असल्याने तो करार ठरतो. याची दुसरी बाजूही आहे. बागेत पाऊस झाला, पण केंद्रावर तेवढी नोंद झाली नाही, तर भरपाई मिळत नाही. कारण करारातील घटना म्हणजे केंद्रावरची नोंद, बागेतला पाऊस नव्हे.

बागच नसताना विमा काढला तर? फसवणुकीचा प्रश्न वेगळाच. पण त्या माणसाचे पावसात कोणतेच हित नसल्याने करार पुन्हा पैजेच्या पातळीवर येतो. म्हणूनच बागेच्या पडताळणीला महत्त्व आहे.

रद्दबातल म्हणजे गुन्हा का?

नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख खटल्यात हे स्पष्ट केले. दोन भागीदारांनी हापूरच्या पेढ्यांशी गव्हाचे वायदे केले होते. प्रत्यक्ष गहू द्यायचा-घ्यायचा नव्हता, फक्त भावातला फरक चुकवायचा होता. म्हणून ते वायदे पैज ठरले. तोटा झाला, तो एका भागीदाराने भरला आणि दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागितला. पैज रद्दबातल असली तरी बेकायदा नाही, त्यामुळे तिच्यासाठी केलेली भागीदारी वैध आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि वाटा मागणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला.

जुन्या मुंबई प्रांतात मात्र निकाल उलटा लागला असता. तिथे १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक करारही रद्दबातल ठरवले आहेत. पैजेसाठी दिलेले उसने किंवा दलालाचे कमिशनही तिथे दाव्याने वसूल होत नाही.

ऑनलाइन खेळांचे काय?

करार कायदा फक्त वसुलीचे दार बंद करतो. शिक्षा देत नाही. शिक्षेसाठी वेगळा कायदा लागतो. संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायचे खेळ पुरवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला आहे.

घटनेवर अवलंबून असलेला कोणताही व्यवहार तपासताना म्हणूनच एक प्रश्न पुरेसा आहे : हा कागद फाडून टाकला, तरी त्या घटनेने तुमचे नुकसान होईल का? उत्तर ‘नाही’ असेल आणि समोरच्याचेही तसेच असेल, तर ती पैज.