एका पानावरची विक्री

जालन्याची व्यापारी ओळख बियाण्यांशी जोडलेली आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि त्यानंतर या गावाभोवती बियाणे कंपन्या, गोदामे आणि विक्रेते यांचे मोठे जाळे उभे राहिले. या धंद्याचा एक विशेष असा, की वर्षभराच्या उलाढालीचा मोठा हिस्सा मे-जूनच्या काही आठवड्यांतच होतो. एवढ्या थोड्या काळात माल किती मागवावा, उधार कोणाला द्यावे आणि हात कोठे आखडावा, हे निर्णय रोजच्या रोज घ्यावे लागतात. बिले संगणकावर होत असली, तरी सकाळी गादीवर बसलेल्या मालकासमोर बहुधा विक्रीची लांबलचक यादी येते. तिच्यातून हंगाम कोणत्या वाटेने चालला आहे ते समजत नाही. त्यासाठी लागते ते एकच पान, ज्याला आता डॅशबोर्ड म्हणतात. त्यावर तीन आकडे आणि एक आलेख पुरेसा असतो.

पानावर काय घ्यायचे, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. जो आकडा पाहून आज काही वेगळे करावे लागेल, तोच घ्यावा. कपाशीच्या बियाण्याचा व्यापार करणाऱ्या दुकानासाठी असे तीन आकडे निघतात : हंगाम सुरू झाल्यापासून विकलेली एकूण पाकिटे, गेल्या सात दिवसांत विकलेली पाकिटे, आणि हंगामातील शंभर रुपयांच्या विक्रीमागे येणे असलेली उधारी. वाणवार विक्री, गावनिहाय विक्री, शिल्लक साठा या गोष्टीही लागतात. पण त्या मागच्या पानांवर असाव्यात. पहिल्या पानावर बारा आकडे आले, की त्यांतील एकही लक्षात राहत नाही.

पहिले दोन आकडे रुपयांत न देता पाकिटांत देण्यास कारण आहे. बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. २०२४-२५ मध्ये बीजी-२ च्या पाकिटाची किंमत ८६४ रुपये होती, ती २०२५-२६ मध्ये ९०१ रुपये झाली. म्हणजे एकही पाकीट जास्त न विकता रुपयांतील विक्री चार टक्क्यांनी वाढलेली दिसली असती. ही वाढ दराची आहे, धंद्याची नव्हे. पाकिटांचा आकडा अशी फसवणूक करीत नाही.

एकटा आकडा मुका असतो. हंगामात ३,२४० पाकिटे गेली, हे वाचून आनंद मानावा की काळजी करावी ते ठरत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याखाली लहान अक्षरांत गेल्या वर्षीचा, त्याच तारखेपर्यंतचा आकडा असावा. येथे मागील महिन्याशी तुलना करणे निरर्थक ठरते; बियाण्याच्या दुकानात एप्रिलपेक्षा जून मोठा असतोच, आणि त्यातून कोणाला काही नवे कळत नाही.

आता हे पान प्रत्यक्ष कसे तयार होते ते पाहावे. हिशेबाच्या प्रणालीतून विक्रीची नोंदवही एक्सेलमध्ये घेऊन ती `Sales` नावाच्या शीटमध्ये ठेवावी : पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पाकिटे, तिसऱ्यात रुपये. परत आलेली पाकिटे उणे चिन्हासह याच यादीत लिहावीत. डॅशबोर्डच्या शीटवर `B1` या घरात हंगामाच्या आरंभाची तारीख लिहावी आणि `B2` मध्ये नोंद झालेली शेवटची तारीख सूत्राने आणावी. हंगामाची एकूण पाकिटे त्याखालच्या सूत्राने मिळतात.

```
B2:  =MAX(Sales!A:A)
B4:  =SUMIFS(Sales!B:B, Sales!A:A, ">="&B1, Sales!A:A, "<="&B2)
```

गेल्या वर्षीच्या आकड्यासाठी हेच सूत्र पुन्हा लिहून `B1` च्या जागी `EDATE(B1,-12)` आणि `B2` च्या जागी `EDATE(B2,-12)` घालावे. `B2` मध्ये आजची तारीख मुद्दाम घेतलेली नाही. मुनीमजींनी दोन दिवसांची बिले चढवली नसतील, तर यंदाचे अपुरे दिवस गेल्या वर्षीच्या पूर्ण दिवसांशी तोलले जातात आणि नसलेली घट दिसू लागते. ‘अमुक तारखेपर्यंतच्या नोंदी’ असे शब्द पानाच्या माथ्यावर असले, म्हणजे हा घोटाळा होत नाही. मात्र एखाद्या बिलावर चुकून पुढची तारीख पडली, तर `B2` थेट तेथे उडी मारते. माथ्यावर पुढची तारीख दिसली, की आधी ते बिल शोधावे.

आणखी एक दोष गुपचूप घडतो. काही वेळा बाहेरून आणलेल्या तारखा एक्सेलला तारखा न वाटता केवळ अक्षरे वाटतात. सूत्र अशा ओळी सोडून देते, कोणतीही सूचना मिळत नाही आणि बेरीज कमी येते. तारखा घराच्या उजव्या कडेला न राहता डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या, तर हा संशय घ्यावा. खात्रीसाठी कोणत्याही एका आठवड्याची बेरीज मूळ हिशेबाशी ताडून पाहावी. ती पैशापर्यंत जुळलीच पाहिजे.

व्यापाराचे आकडे रेषेने दाखवण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली इंग्लंडची आयात-निर्यात वर्षांच्या ओघाने वर-खाली जाणाऱ्या रेषांनी दाखवली. दुकानाच्या पानावरही असा एकच आलेख असावा. आडव्या अक्षावर हंगामाचे आठवडे आणि उभ्या अक्षावर पाकिटे. यंदाची रेषा गडद, गेल्या वर्षीची फिकट करडी. रेषांच्या टोकाशीच ‘यंदा’ आणि ‘गेल्या वर्षी’ असे लिहिले, की रंगांची वेगळी सूची लागत नाही. उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. संगणकावर सोडल्यास तो कधी मधूनच सुरू होतो आणि लहानसा उतार कडा कोसळल्यासारखा दिसतो. चालू आठवडा पूर्ण होईपर्यंत आलेखात घेऊ नये, नाहीतर दर बुधवारी रेषा खाली पडलेली दिसेल. `D5` मध्ये आठवड्याचा पहिला दिवस असल्यास पुढील सूत्र अपुऱ्या आठवड्याच्या जागी `#N/A` ठेवते, आणि रेषा शून्यावर न आपटता तेथेच थांबते.

```
=IF(D5+6>$B$2, NA(), SUMIFS(Sales!B:B, Sales!A:A, ">="&D5, Sales!A:A, "<="&D5+6))
```

यानंतर मांडणीचा प्रश्न येतो. देवनागरी वाचणारी नजर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जाते. म्हणून सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर वरच्या डाव्या कोपऱ्यात असावे : हंगाम कसा चालला आहे? त्याच्या उजवीकडे गेल्या सात दिवसांचा आकडा, आणि ओळीच्या शेवटी उधारी. या ओळीखाली पानाच्या पूर्ण रुंदीचा आलेख. तिन्ही आकडे एकाच मोठ्या आकारात, तुलनेचे आकडे त्यांच्या निम्म्या आकारात, आणि मध्ये मोकळी जागा. लाल रंग फक्त उधारीसाठी, तोही ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच. सगळीकडे रंग भरले, तर नजर कोठे थांबावी हे तिला कळत नाही. मोबाईलवर पाहायचे असल्यास हेच घटक याच क्रमाने एकाखाली एक यावेत.

समजुतीसाठी कल्पित आकडे घेऊन २२ जूनचे पान वाचून पाहावे. डावीकडे हंगामाची ३,२४० पाकिटे, खाली गेल्या वर्षीची ३,६१०. म्हणजे सुमारे दहा टक्के घट. नजर उजवीकडे सरकते : गेल्या सात दिवसांत १,१८० पाकिटे, गेल्या वर्षी याच दिवसांत ८६०. मालकाला वाटते, पाऊस लांबला होता, आता भरपाई होत आहे. नजर आणखी पुढे जाते. हंगामाची विक्री २९ लाख रुपये आणि तिच्यातील येणे ९ लाख ४० हजार. म्हणजे शंभर रुपयांमागे ३२ रुपये उधार. गेल्या वर्षी ३१ लाखांच्या विक्रीत येणे ६ लाख १० हजार होते, म्हणजे शंभरामागे २० रुपये.

तिसरा आकडा नसता, तर दुसरा आकडा पाहून आणखी माल मागवला गेला असता. तिसऱ्या आकड्याने चित्र पालटते. भरपाईचा बराच भाग रोखीने झालेला नाही. दुकानाने हात सैल सोडल्यामुळे तो झाला आहे. शेतकऱ्याचा कापूस बाजारात येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि कंपनीची देणी तोवर थांबत नाहीत. त्याच दिवशी येणे बाकीची यादी उघडून कोणत्या गावच्या विक्रेत्यांकडे रक्कम साचली आहे ते पाहावे, आणि त्यांचा पुढचा माल जुनी रक्कम आल्यावरच सोडावा. हा निर्णय दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी सुचून उपयोग नसतो.

या पानाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तारखेशी तारीख ताडली, तरी पाऊस तारीख पाळत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो; असा पाऊस कोणत्या आठवड्यात झाला, ती खूण दोन्ही वर्षांच्या रेषांवर करावी. गुलाबी बोंडअळी रोखण्यासाठी काही वर्षी राज्याने १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकण्यास मनाई केली होती. विक्रीचा आरंभ दोन वर्षांत वेगवेगळ्या दिवशी झाला असेल, तर आठवडे त्या आरंभापासून मोजावेत. आणि गावच्या विक्रेत्यांकडे गेलेली सगळी पाकिटे शेतात पोहोचलेली नसतात. न विकलेली पाकिटे हंगाम सरल्यावर परत येतात, तेव्हा एकूण आकडा खाली सरकतो. म्हणून जूनमधील एकूण विक्री कच्ची समजावी, आणि हंगामाचा खरा हिशेब परतावा वजा झाल्यावरच करावा.