‘ऑपरेशन झालंय का?’ हा प्रश्न नेमका कुठं विचारायचा? तृतीयपंथी ओळखीच्या तीन वेगळ्या वाटा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की आपल्याकडं आरक्षणाच्या सोडतीवरून जेवढी चर्चा होते तेवढी उमेदवाराच्या कामावरून होत नाही. 2020 च्या डिसेंबरात जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक गावात अशाच एका आरक्षित प्रभागावरून वेगळाच पेच उभा राहिला. प्रभाग सर्वसाधारण महिलेसाठी राखीव होता. अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवारानं तिथं महिला म्हणून अर्ज भरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं तो बाद केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि 2 जानेवारी 2021 रोजी न्यायालयानं अर्ज स्वीकारायला सांगितलं. पुढं त्या निवडूनही आल्या.

निकाल लागला, गावानं मतदान केलं, विषय संपला असं वाटेल. पण त्या पेचातला मूळ गोंधळ आजही तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत दिसतो. माणूस बाई म्हणून राहतो, ही एक गोष्ट. त्यानं औषधोपचार किंवा शस्त्रक्रिया केली, ही दुसरी. सरकारी कागदावर त्याची नोंद काय, ही तिसरी. आपण या तिन्ही एकाच पोत्यात भरतो आणि मग टेबलापलीकडून प्रश्न येतो, “ऑपरेशन झालंय का?” काही ठिकाणी या प्रश्नाला अर्थ आहे. बऱ्याच ठिकाणी तो विचारायचा अधिकारच कुणाला नाही. म्हणून या तीन वाटा सुट्या करून बघू. पुढं दिलेले नियम 2025 च्या सुरुवातीला लागू होते तसे दिले आहेत.

पहिली वाट : लोकांत राहणं

नाव बदलून घेणं, कपडे, केस, वागणं आपल्याला पटेल तसं ठेवणं, घरच्यांनी आणि गावानं त्या नावानं हाक मारणं, याला सामाजिक बदल म्हणतात. यासाठी ना डॉक्टर लागतो ना तहसीलदार.

आपल्या भाषेत मात्र हा बदल पहिल्याच वाक्यात उघडा पडतो. मराठीत ‘मी’ बोलतानाच क्रियापद सांगून टाकतं, ‘मी शेतात जातो’ की ‘मी शेतात जाते’. कालपर्यंत ‘जातो’ म्हणणारं पोर आज ‘जाते’ म्हणालं, की चावडीवर सगळ्यांना कळतं. त्यामुळं खेड्यात बरेच जण घरात एक आणि बाहेर एक असं बोलतात. काही जण मुंबई-पुण्यात नव्या नावानं राहतात आणि सणाला गावी आले की जुन्या नावानं. यात फसवाफसवी नाही. ज्याला जिथं जेवढं झेपतं, तेवढं तो तिथं करतो.

कुणी एवढ्यावरच थांबतो. औषध नको, दाखला नको, फक्त नीट हाक मारा, एवढंच त्याचं म्हणणं असतं. तो ‘अर्धवट’ राहिला असं समजायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात स्पष्ट सांगितलं की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे.

दुसरी वाट : दवाखाना

वैद्यकीय बदल म्हणजे फक्त ऑपरेशन, असा समज आहे. प्रत्यक्षात यात समुपदेशन येतं, हार्मोनची औषधं येतात, आणि कुणाला हवी असेल तर शस्त्रक्रिया येते. कुणी फक्त हार्मोन घेतो, कुणी फक्त छातीची शस्त्रक्रिया करतो, कुणी यातलं काहीच करत नाही.

हार्मोनबद्दल दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. पुरुष म्हणून जगू इच्छिणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन देतात. काही महिन्यांत आवाज जाड होतो, दाढी-मिशी येऊ लागते, पाळी बहुधा थांबते. जाड झालेला आवाज औषध बंद केलं तरी परत बारीक होत नाही. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही, असंही नाही. स्त्री म्हणून जगू इच्छिणारीला इस्ट्रोजेन आणि सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं औषध देतात. छाती वाढते, कातडी मऊ होते. पण फुटलेला आवाज त्यानं बदलत नाही आणि आलेली दाढी जात नाही. दोन्हींत पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो विचार आधी करावा लागतो. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी करतात. टेस्टोस्टेरॉनमुळं रक्त घट्ट होऊ शकतं आणि इस्ट्रोजेनमुळं रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, त्यावर लक्ष ठेवायला ती तपासणी असते.

घोळ होतो तो इथं. तालुक्यात यातला जाणकार डॉक्टर नसतो. मग मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या एकाच वेळी चार-चार खायच्या, असा सल्ला तोंडोतोंडी फिरतो. त्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन वेगळ्या जातीचं असतं आणि गुठळीचा धोका त्यात जास्त असतो. त्यात सिगारेट ओढत असेल तर आणखीच. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, लाल झाली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, आणि काय खाल्लंय ते डॉक्टरला खरं सांगायचं.

या वाटेवरचं सगळ्यांना आठवणारं नाव बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं, पोलीस शिपाई ललित साळवे यांचं. महिला पोलीस म्हणून भरती झालेल्या साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. म्हणजे जन्मतःच शरीररचना वेगळी होती. त्यांची गोष्ट प्रत्येक तृतीयपंथी माणसाची नाही. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, खात्यानं नाकारली. बऱ्याच झगड्यानंतर परवानगी मिळाली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली, पण अडलं होतं ते नोकरीच्या कागदावर. एका वाटेवर पुढं गेलं म्हणून दुसरी आपोआप मोकळी होत नाही, ती अशी.

तिसरी वाट : कागद

कायदेशीर ओळखीसाठी 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आणि त्याचे 2020 चे नियम आहेत. यात दोन पायऱ्या आहेत, आणि सगळी गफलत या दोन पायऱ्या एक समजण्यात आहे.

पहिल्या पायरीवर ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून ओळखीचा दाखला आणि ओळखपत्र मिळतं. ते देतात जिल्हाधिकारी. अर्ज transgender.dosje.gov.in या संकेतस्थळावर भरायचा, सोबत शपथपत्र जोडायचं. अर्जदार त्या जिल्ह्यात किमान सलग बारा महिने राहत असावा. इथं कुठलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, असं नियमातच लिहिलंय. दाखला 30 दिवसांत मिळायला हवा. म्हणजे या पायरीवर कुणी ‘ऑपरेशन झालंय का’ विचारलं किंवा सिव्हिल सर्जनचा कागद मागितला, तर ती मागणी नियमाबाहेरची आहे.

दुसरी पायरी ज्याला कागदावर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी त्याच्यासाठी. इथं मात्र रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ते जोडलं की जिल्हाधिकारी 15 दिवसांत सुधारित दाखला देतात. पण 2020 च्या नियमांत ‘वैद्यकीय उपचार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात समुपदेशन आणि हार्मोन उपचारही येतात, नुसती शस्त्रक्रिया नाही. त्यामुळं ‘शस्त्रक्रिया नाही म्हणून अर्ज बाद’ हे उत्तर दुसऱ्या पायरीवरही टिकायला कठीण आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळालं पाहिजे आणि त्याविरुद्ध 90 दिवसांत अपील करता येतं.

आता भादलीचा निकाल परत बघा. न्यायालयानं तिथं ऑपरेशनवर निकाल टेकवला नाही. उमेदवारानं स्वतः मानलेली ओळख धरली. मात्र त्यांनी न्यायालयात एक हमी दिली, की यापुढं संधी बघून पुन्हा पुरुष म्हणून अर्ज भरणार नाही. तृतीयपंथीयांसाठी वेगळं आरक्षण आलं, तरच वेगळा विचार. राखीव जागेचा कुणी गैरफायदा घेईल या शंकेला न्यायालयानं असं उत्तर दिलं, शरीर तपासून नव्हे. ‘नालसा’ निकाल म्हणतो स्वतःची ओळख पुरेशी, आणि 2019 चा कायदा स्त्री-पुरुष नोंदीसाठी डॉक्टरचा कागद मागतो. या दोन्हींत ताण आहे. हा विषय कोर्टात जातो, तो त्यामुळंच.

एक उदाहरण धरून

समजा, तीस वर्षांची एक व्यक्ती आहे. जन्मनोंद मुलगा, पण गावात गेली पाच वर्षं ती बाई म्हणून राहते. दोन एकर जमीन वडिलांच्या नावावर होती, वडील वारले. तिला ऑपरेशन करायचं नाही.

वारसाहक्काला काही अडचण नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 पासून मुलगा-मुलगी सारखेच. अडचण येते नावाची. आधारवर नवं नाव, सातबाऱ्यावर जुनं नाव, बँकेत तिसरंच काही, असं झालं की पीएम किसानचा हप्ता आणि पीकविमा अडकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला घ्यायचा, त्यात नवं नाव येतं. त्यावर आधार दुरुस्त करायचं. मग पॅन, बँक, रेशनकार्ड, आणि शेवटी तलाठ्याकडं फेरफारासाठी अर्ज. दाखला दाखवून अर्ज केल्यावर संबंधित कार्यालयानं 15 दिवसांत दुरुस्ती करायची, असं नियम सांगतो. प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच घ्यायची, नाहीतर 15 दिवस कधीपासून मोजणार?

आधारच्या खिडकीवर मात्र घाई करू नये. तिथं लिंगाची नोंद साधारणपणे एकदाच बदलता येते, नाव दोनदा. पहिल्या दाखल्यावर आधारला ‘ट्रान्सजेंडर’ करून घेतलं आणि दोन वर्षांनी ‘स्त्री’ असा दाखला मिळाला, तर आधारसाठी पुन्हा विभागीय कार्यालयाकडं खेटे घालावे लागतात. ज्याला पुढं दुसरी पायरी चढायचीय, त्यानं हे आधीच ठरवावं. ज्याला ‘ट्रान्सजेंडर’ हीच नोंद हवीय, त्याचं काम पहिल्याच पायरीवर पूर्ण होतं.

उदाहरणातल्या बाईनं उद्या उपचार घ्यायचं ठरवलं, तर हाच पहिला दाखला तिच्या कामी येतो. केंद्र सरकारनं 2022 मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत तृतीयपंथीयांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना जाहीर केली, तिला हे ओळखपत्र लागतं. आणि तिनं नाहीच घ्यायचं ठरवलं, तरी सातबारा, रेशन आणि मतदान यांतलं काहीही तिच्या शरीरावर अवलंबून नाही.

कचेरीतल्या माणसानं टेबलावरचा अर्ज कुठल्या पायरीचा आहे एवढं आधी बघितलं, तर निम्मे हेलपाटे वाचतील. आणि अर्जदारानं आपल्याला नेमका कोणता दाखला हवाय ते अर्जात ठळक लिहिलं, तर उरलेले.